रोजच्या बातमीपत्राचे संकलन : कळा, खुणा आणि पसंतीची निवड

उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला दिवसभराचे चित्रण एकदाच लक्षपूर्वक पाहून त्यातील निवड संगणकातच नोंदवून ठेवता येईल, कळफलकाच्या मोजक्या कळांनी त्या निवडीतून बातमी उभी करता येईल आणि बोललेले मराठी वाक्य कोठे तोडता येते व कोठे तोडता येत नाही, याचा निर्णय घाईच्या वेळीही घेता येईल.

प्रास्ताविक

मागील घटकात आपण दृक्-श्राव्य बातमीची संहिता कशी लिहावी हे पाहिले. संहिता लिहिणारा आणि चित्रफीत कापणारा अशी दोन माणसे मोठ्या वाहिन्यांत असतात. तालुक्याच्या गावी मात्र ती बहुधा एकच असतात. सकाळी कॅमेरा घेऊन बाहेर पडायचे, दुपारी येऊन संकलन करायचे आणि संध्याकाळी बातमीपत्र द्यायचे, असे काम जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव अशा गावांतून अनेकजण करतात. तुमच्यापैकीही काहीजण करत असतील. म्हणून या घटकात आपण जुन्नर-आंबेगाव भागातील एका दिवसाचे काम नमुन्यादाखल घेऊ.

समजा, दिवसभरात ३० क्लिप जमल्या आहेत आणि त्यांची एकूण लांबी ३८ मिनिटे आहे. पहिली बातमी जुन्नर तालुक्यातील एका वस्तीजवळ उसाच्या शेतात लावलेल्या पिंजऱ्यात बिबट्या सापडल्याची आहे. तीत वनाधिकाऱ्यांची ६ मिनिटांची बाइट आहे आणि शेतकरी महिलेची ४ मिनिटांची बाइट आहे. दुसरी बातमी नारायणगावच्या टोमॅटो बाजाराची. तीत एका व्यापाऱ्याची ३ मिनिटांची बाइट आहे. म्हणजे बोलणे १३ मिनिटांचे झाले. उरलेली २५ मिनिटे नुसती दृश्ये आहेत : पिंजरा, उसाची कड, पाण्याची मोटर, क्रेटची थप्पी, गाड्यांची रांग. यातून संध्याकाळपर्यंत ४ मिनिटांचे बातमीपत्र करायचे आहे.

वेळ नेमका कोठे जातो?

नवख्या संकलकाला वाटते की कापण्यात वेळ जातो. प्रत्यक्षात तो शोधण्यात जातो. वनाधिकाऱ्यांचे हवे ते वाक्य सहा मिनिटांच्या बाइटमध्ये कोठे होते, हे आठवत नाही. म्हणून ती पुन्हा चालवावी लागते. दर वेळी सरासरी निम्मी बाइट ऐकावी लागते असे धरले, तरी दहा वाक्यांच्या शोधात अर्धा तास सहज संपतो. कळफलकाचे शॉर्टकट कितीही पाठ असले तरी हा अर्धा तास त्यांनी वाचत नाही. पहिल्यांदा पाहतानाच घेतलेला निर्णय कोठेतरी नोंदवून ठेवला, तरच तो वाचतो.

या नोंदीची सोय फायनल कट प्रो या संकलन-प्रणालीत विशेष सुटसुटीत आहे, म्हणून येथील उदाहरणे तिच्यातील आहेत. संगणकांपैकी ती फक्त मॅकवर चालते. विंडोज वापरणाऱ्यांसाठी काय बदलते ते पुढे येईल. कामाचा क्रम मात्र सर्वत्र तोच राहतो.

पहिली पाहणी

पाहणीसाठी तीन कळा लागतात. `L` दाबली की क्लिप पुढे चालते, `K` दाबली की थांबते, `J` दाबली की मागे जाते. `L` दोनदा दाबल्यास वेग दुप्पट होतो. दृश्ये दुप्पट वेगाने पाहण्यास काहीच हरकत नाही, कारण त्यांत तुम्ही चौकट, प्रकाश आणि कॅमेऱ्याची स्थिरता एवढेच पाहत असता. बाइट मात्र सरळ वेगानेच ऐकावी. बोलण्यातील स्वराचा चढउतार दुप्पट वेगात नीट जाणवत नाही आणि वाक्य संपले की नाही हे त्या चढउतारावरूनच कळते. या हिशेबाने १३ मिनिटांच्या बाइट आणि २५ मिनिटांची दृश्ये पाहण्यास साधारण २६ मिनिटे लागतात. मध्ये थांबण्याचा वेळ धरून पस्तीस-चाळीस मिनिटे. तेवढी एकदाच मनापासून द्यावीत.

पाहताना हवा असलेला तुकडा सुरू झाला की `I` दाबावी, संपला की `O` दाबावी. एवढा भाग पिवळ्या चौकटीत निवडला जातो. मग `F` दाबली की तो `Favorite` म्हणून नोंदला जातो आणि त्याच्यावर हिरवी रेघ उमटते. एकाच क्लिपमध्ये असे कितीही तुकडे पसंत करता येतात. हललेले, अंधारे किंवा निरुपयोगी चित्रण निवडून `Delete` दाबली की त्यावर लाल रेघ येते आणि ते `Rejected` ठरते. मत बदलले तर तो भाग निवडून `U` दाबावी; नोंद पुसली जाते.

येथे एक धोका ओळखून ठेवा. क्लिपच्या साठ्यात, म्हणजे ब्राउझरमध्ये, `Delete` दाबल्याने चित्रण नष्ट होत नाही, ते फक्त नापसंत ठरते. टाइमलाइनमध्ये तीच कळ दाबली तर निवडलेली क्लिप टाइमलाइनवरून उडते. एकच कळ आणि दोन अर्थ, म्हणून आपण कोणत्या दालनात आहोत याचे भान हवे. ब्राउझरमध्ये जाण्यासाठी `Command-1` आणि टाइमलाइनमध्ये जाण्यासाठी `Command-2` वापरण्याची सवय लावली की हे भान हाताला राहते.

काही प्रणालींत एक ते पाच तारे देण्याची सोय असते. छायाचित्रांच्या निवडीला ती उपयोगी पडते. रोजच्या बातमीला ती जड जाते, असे माझे मत आहे. कारण तीन तारे द्यावेत की चार, याचा विचार करण्यातच वेळ जातो आणि त्या फरकाचा पुढे काही उपयोग होत नाही. पसंत, नापसंत आणि काहीच न म्हटलेले, या तीन पायऱ्या पुरतात. ज्याबद्दल मन साशंक आहे ते न नोंदवता पुढे जावे. पसंत तुकडे कमी पडले तरच तिकडे वळायचे.

वाक्य कोठे संपते?

आता या घटकातील मुख्य प्रश्नाकडे येऊ. दृश्य कोठे तोडायचे हे डोळ्यांना दिसते. बाइट कोठे तोडायची हे व्याकरण ठरवते, आणि मराठीचे व्याकरण या बाबतीत इंग्रजीहून वेगळे आहे. संकलनाची बहुतेक मार्गदर्शके इंग्रजी बोलण्यावर बेतलेली असतात. अर्थ कळला की कापा, असा त्यांचा सर्वसाधारण सल्ला असतो. इंग्रजीत नकार वाक्याच्या आरंभाजवळ येतो, त्यामुळे तेथे हा सल्ला बराचसा चालतो. मराठीत क्रियापद शेवटी येते आणि नकार त्याच्याही मागून येतो. ‘पिंजऱ्यात अडकला’ येथपर्यंत ऐकून कळ दाबली आणि पुढे ‘नाही’ असले, तर बातमी उलटी होते.

एवढे ढोबळ उदाहरण कोणाच्याही लक्षात येईल. खरी चूक होते ती पुढील प्रकारच्या वाक्यात. समजा, वनाधिकारी म्हणतात :

‘काल रात्री पिंजऱ्यात आलेला बिबट्या तोच आहे, असं आम्ही आज तरी म्हणणार नाही. तपासणी चालू आहे. तोपर्यंत रात्री उसाला पाणी द्यायला कुणी एकट्यानं जाऊ नका.’

यातील ‘काल रात्री पिंजऱ्यात आलेला बिबट्या तोच आहे’ हे शब्द स्वतंत्रपणे घेतले तर पूर्ण वाक्य आहे. त्यात कर्ता आहे, क्रियापद आहे. बोलणारा ‘आहे’ नंतर अर्धा सेकंद थांबतोही. पडद्यावर ध्वनीची जी आकृती दिसते, तिच्यात तेथे स्वच्छ खाच दिसते. घाईतला संकलक नेमका त्या खाचेवर `O` दाबतो आणि संध्याकाळी गावाला असे ऐकू येते, की धरलेला बिबट्या तोच आहे.

याचा परिणाम काय होतो हे या भागातील माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे चार तालुके जुन्नर वनविभागात येतात आणि तेथे उसातच बिबट्यांचा वावर आहे. तोडणीच्या हंगामात फडात पिल्लेही सापडतात. शेतीपंपांची वीज अनेकदा रात्रीच मिळत असल्याने पाणी धरायला रात्रीच जावे लागते. ‘तोच आहे’ एवढे ऐकून एखादा एकटा बांधावर गेला, तर ती दीड-दोन सेकंदांची कात्री त्याच्यावर चालली असे म्हणावे लागेल.

व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य कसे बांधले आहे ते पाहा. ‘असं’ या शब्दाच्या आधी जे येते ते गौण वाक्य आणि नंतर येते ते मुख्य वाक्य. बोलणाऱ्याची खरी भूमिका मुख्य वाक्यात, म्हणजे सर्वांत शेवटी असते. ‘असं वाटतं’, ‘असं लोक म्हणतात’, ‘असं सिद्ध झालेलं नाही’ ही सगळी याच घडणीची वाक्ये होत. त्यांत बाहेर पडण्याचा बिंदू, म्हणजे `O`, मुख्य क्रियापद आणि त्यामागचा नकार संपल्यावरच द्यावा लागतो.

याच्या उलट घडण ‘की’ची. शेतकरी महिला म्हणते : ‘मी म्हणत नाही की वन खात्याची माणसं येत नाहीत, पण ती येईपर्यंत उजाडतं.’ येथे मुख्य वाक्य आधी आले आहे. त्यामुळे धोका शेवटाकडून आरंभाकडे सरकला. ‘वन खात्याची माणसं येत नाहीत’ येथून बाइट सुरू केली तर तिच्या तोंडी तिने स्पष्टपणे नाकारलेले विधान घातले जाते. या वाक्यात जपायचा बिंदू `I` आहे. ‘पण’च्या पुढचा भागही तोडता येत नाही, कारण तिची खरी तक्रार तेथे आहे.

मग कानाने ओळखायचे कसे? बहुतेक वेळा विधान संपताना आवाज खाली उतरतो. ‘तोच आहे’ नंतर विराम आला तरी ‘आहे’वर आवाज उतरत नाही, तो तसाच राहतो किंवा किंचित चढतो. ‘म्हणणार नाही’ येथे मात्र तो उतरतो. ध्वनीच्या आकृतीत फक्त आवाजाचा लहानमोठेपणा दिसतो, स्वराची उंची दिसत नाही. म्हणून खाच पाहून कापणे पुरेसे नाही. बिंदू कानानेच ठरवायचा आणि आकृती फक्त तो नेमका बसवण्यासाठी वापरायची.

खुणेचा एकच अर्थ

मार्कर, म्हणजे खूण, `M` या कळीने टाकता येते आणि त्यासाठी क्लिप थांबवावी लागत नाही. मार्करला नाव देता येते, कामाच्या नोंदीसाठी वेगळा मार्करही असतो. या सगळ्या सोयी वापरण्याच्या नादात पाहणीचा वेग जातो. माझी सूचना अशी आहे की, बाइट ऐकताना मार्करला एकच अर्थ ठेवावा : येथे वाक्याचा अर्थ फिरतो. ‘नाही’, ‘नको’, ‘नसतो’, ‘पण’, ‘तर’, ‘असं वाटतं’ यांपैकी काही कानावर पडले की `M` दाबायची आणि पुढे जायचे. नाव लिहायचे नाही.

कान ते बोट या प्रवासाला थोडा वेळ लागतो, त्यामुळे खूण त्या शब्दाच्या किंचित पुढे पडते. शेवटाकडच्या नकाराबाबत हा उशीर आपल्या पथ्यावरच पडतो. खूण निवडीच्या आत असेल तर तिच्या मागचा शब्दही आतच असतो. ‘की’च्या वाक्यात मात्र खुणेवरून `I` ठरवू नये. तेथे वाक्याच्या आरंभापर्यंत मागे जावे.

आता वरील वाक्य पुन्हा घ्या. ऐकताना तुम्ही ‘म्हणणार नाही’वर `M` दाबली आहे. नंतर `I` आणि `O` देऊन `F` दाबली. पडद्यावर हिरवी रेघ आणि निळी खूण दोन्ही दिसतात. खूण हिरव्या रेघेच्या टोकाबाहेर थोड्याच अंतरावर पडलेली दिसली, तर तुम्ही नकार कापला आहे. वाक्य पुन्हा न ऐकताही हे दिसते, हाच या पद्धतीचा लाभ आहे. ही तपासणी फक्त पसंत तुकडे दाखवण्याची चाळणी लावण्याआधी करावी, कारण चाळणी लावल्यावर निवडीबाहेरचा भाग आणि तेथील खूण दोन्ही नजरेआड होतात.

क्लिपवरील खूण त्या क्लिपबरोबर टाइमलाइनमध्ये जाते. मात्र क्लिप टाइमलाइनमध्ये गेल्यानंतर ब्राउझरमध्ये नवी खूण टाकली, तर ती टाइमलाइनमधील प्रतीवर येत नाही. म्हणून खुणा पहिल्या पाहणीतच पडायला हव्यात.

मराठी कळफलक आणि शॉर्टकट

‘`F` दाबली तरी काही होत नाही’, ही मराठीत टंकलेखन करणाऱ्या विद्यार्थ्यांची नेहमीची तक्रार आहे. कारण साधे आहे. इन्स्क्रिप्ट कळफलक चालू असताना त्या कळीवर `F` हे अक्षर नसून पहिली वेलांटी असते. `M`च्या जागी ‘स’, `I`च्या जागी ‘ग’ आणि `O`च्या जागी ‘द’ असतो. प्रणालीला तिचा शॉर्टकट मिळतच नाही. मॅकवर सामान्यतः `Control-Space` आणि विंडोजवर `Windows-Space` दाबून कळफलक बदलता येतो, आणि कोणता कळफलक चालू आहे हे मॅकवर वरच्या, विंडोजवर खालच्या पट्टीत दिसते.

परंतु दर दोन मिनिटांनी कळफलक बदलणे हा उपाय नव्हे. कामाचे दोन भाग करा. पाहणी संपेपर्यंत कळफलक इंग्रजीच राहील. मार्करला नाव द्यायचे नाही असे वर सुचवले, त्याचे हेही एक कारण आहे. पाहणी संपल्यावर `Control-F` दाबून फक्त पसंत तुकडे दाखवायचे, `Option-Command-2` दाबून त्यांची यादी करायची, आणि मग कळफलक मराठी करून एका बैठकीत सर्व तुकड्यांना नावे द्यायची.

नाव देताना तुकड्यात काय दिसते यापेक्षा त्यात काय म्हटले आहे ते लिहावे. ‘अधिकारी १’, ‘अधिकारी २’ या नावांचा संध्याकाळी काही उपयोग होत नाही. ‘अधिकारी – तोच बिबट्या असे म्हणत नाही’, ‘अधिकारी – रात्री एकटे जाऊ नका’ अशी नावे असली की यादी वाचूनच बातमीचा क्रम सुचतो. नावात क्रियापद आणि नकार दोन्ही यावेत. आणखी एक. गावातील माणसे बोलताना बिबट्याला पुष्कळदा ‘वाघ’ म्हणतात. बाइटमध्ये तो शब्द तसाच राहू द्यावा; नाव देताना मात्र सर्वत्र ‘बिबट्या’ असेच लिहावे. शोधाच्या चौकटीत जे लेखन टाइप केले तेच सापडते, त्यामुळे निम्म्या तुकड्यांना ‘वाघ’ आणि निम्म्यांना ‘बिबट्या’ म्हटले असेल तर निम्मे तुकडे हरवतात.

निवडीतून बातमी

समजा, पाहणीअंती २२ तुकडे पसंत झाले आणि त्यांची लांबी ७ मिनिटे भरली. ३८ मिनिटांचा विचार आता संपला. पुढे विचार सात मिनिटांचाच करायचा. नावांच्या आरंभी क्रमांक दिले आणि यादी नावानुसार लावली, की `Command-A` दाबून सर्व बाइट निवडाव्यात आणि `E` दाबावी. त्या त्याच क्रमाने टाइमलाइनच्या शेवटी जोडल्या जातात. कच्ची बातमी एका कळीत उभी राहते. दृश्ये या गटात घेऊ नयेत. त्यांना वेगळी क्रमांकमाला द्यावी, कारण ती बाइटच्या वर, हव्या त्या ठिकाणी `Q` या कळीने जोडायची असतात.

आता लांबी कमी करायची. तुकडा चालवत जावे आणि जेथून तो सुरू व्हावा असे वाटते तेथे `Option-[`, जेथे संपावा तेथे `Option-]` दाबावी. अलीकडचा किंवा पलीकडचा भाग निघून जातो आणि मोकळी जागा आपोआप भरते. नेमकेपणासाठी क्लिपची कड निवडून `,` किंवा `.` दाबली की ती एकेक फ्रेमने सरकते. २५ फ्रेमच्या चित्रणात एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. ध्वनिविज्ञानात आपण शिकलो की क, ट, प यांसारख्या अघोष स्पर्शांच्या उच्चारात मुख स्फोटापूर्वी क्षणभर पूर्ण बंद असते. हा निःशब्द क्षण सहसा दोन-तीन फ्रेमचा असतो. ‘पिंजऱ्यात’ या शब्दापासून सुरुवात करायची असेल तर ‘प’च्या स्फोटाआधीच्या शांततेत कापावे; जोड ऐकू येत नाही. ‘म’, ‘न’, ‘ल’ किंवा स्वराने सुरू होणारा शब्द मात्र मागच्या शब्दात मिसळलेला असतो. तेथे कापले की मागच्या शब्दाची शेपटी राहते, आणि ती लपवण्यासाठी दृश्य वर टाकून चालत नाही, कारण दोष चित्रात नसून ध्वनीत असतो. अशा वेळी एक शब्द मागे सरकावे.

वर जोडलेल्या दृश्यांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. नुसते चित्र हवे असेल तर आधी `Shift-2` आणि मग `Q`. ध्वनीसह हवे असेल तेव्हा पुन्हा `Shift-1`. हे विसरले की पुढची बाइट आवाजाविना येते आणि संकलक यंत्राला दोष देत बसतो.

बाजाराच्या बातमीत व्याकरणाचा आणखी एक मुद्दा येतो. व्यापारी आरंभी एकदाच ‘वीस किलोच्या क्रेटला’ म्हणतो आणि पुढे तीन मिनिटे नुसते आकडे सांगतो. कांद्याचा भाव सांगताना याच भागात ‘दहा किलोला’ असे म्हटले जाते, तर इतरत्र तो क्विंटलवर सांगतात. आकडा असलेला तुकडा पसंत केला आणि एकक मागे राहिले, तर ऐकणारा स्वतःच्या सवयीचे एकक लावून घेतो. म्हणून बाजाराच्या बाइटमध्ये एकक ऐकू आले की तेथेही `M` दाबावी. ते तुकड्यात घेता येत नसेल तर निवेदनात किंवा पडद्यावरील पट्टीत द्यावे.

शेवटची तपासणी खुणांवरून करायची. `Control-'` दाबली की पुढच्या खुणेवर जाता येते आणि `Control-;` ने मागच्या. प्रत्येक खुणेच्या थोडे मागून चालवून वाक्य संपेपर्यंत ऐकावे. पहिल्या पाहणीत अधिकाऱ्यांच्या पसंत वाक्यांवर चार खुणा होत्या आणि टाइमलाइनवर तीनच दिसत असतील, तर एक नकार किंवा एक अट लांबी कमी करताना गेली आहे. ती कोणती, ते ब्राउझरमधील मूळ क्लिपवर लगेच सापडते.

इतर प्रणाली वापरणाऱ्यांसाठी

प्रीमिअर प्रो आणि दाविंची रिझॉल्व्ह यांमध्येही `J`, `K`, `L`, `I`, `O` आणि `M` या कळांची कामे हीच आहेत. पसंतीची `F` मात्र तेथे तशी नाही. प्रीमिअरमध्ये निवडलेल्या भागाची उपक्लिप करून, तर रिझॉल्व्हमध्ये क्लिपला रंग किंवा निशाण देऊन तेच काम साधता येते. रिझॉल्व्हमधील निशाण संपूर्ण क्लिपला लागते, तुकड्याला नाही. म्हणून लांब बाइटसाठी उपक्लिप किंवा मार्करच सोयीचे. दोन्ही प्रणालींत शॉर्टकट बदलता येतात, पण दुसऱ्याच्या संगणकावर काम करावे लागत असेल तर मूळ शॉर्टकटच हातात बसवावेत. मोबाइलवर संकलन करणाऱ्यांना कळा नाहीत. त्यांनी बाइट ऐकताना कागदावर मिनिट-सेकंद आणि वाक्याचे क्रियापद लिहून घ्यावे. खुणेचे काम तो कागद करतो.

स्वाध्याय

१. पुढील वाक्यांत `I` आणि `O` कोठे द्याल आणि `M` कोणत्या शब्दावर दाबाल, ते कारणांसह लिहा.
(अ) ‘पिल्लं आईपासून तुटली असं समजून कुणी ती उचलून घरी नेऊ नयेत.’
(आ) ‘आमचं म्हणणं इतकंच आहे की वीज दिवसा मिळाली तर रात्री शेतात जायची वेळ येणार नाही.’
(इ) ‘आज आवक वाढली म्हणून भाव उतरला असं म्हणता येत नाही, कारण काल बाजार बंद होता.’

२. आपल्या परिचयातील एखाद्या व्यक्तीचे पाच मिनिटांचे बोलणे त्यांच्या संमतीने मोबाइलवर चित्रित करा. एकदाच ऐकून त्यातील पसंत तुकडे आणि अर्थ फिरवणाऱ्या शब्दांच्या खुणा नोंदवा. त्यातून एक मिनिटाची बाइट तयार करा आणि ती त्याच व्यक्तीला ऐकवून, ‘तुम्हांला हेच म्हणायचे होते का?’ असे विचारा. मिळालेले उत्तर आणि त्यानुसार तुम्ही कोणता बिंदू किती फ्रेमने सरकवला, हे स्वाध्याय-वहीत लिहा.